बोटीवरून आलेला नवरा आणि परतलेला वास

“गोळ्या घेतल्या की आठ दिवसांत वास जातो. हे बोटीवरून घरी आले की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. हे त्यांच्याकडून येते का? त्यांचे बाहेर काही असेल का?”

योनीमार्गातून येणाऱ्या वासाबद्दल हे विचारणारी बाई डिचोली तालुक्यातली, वय तेहतीस. तिला येथे सुषमा म्हणू. तिचा नवरा प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला असून आठ महिने समुद्रावर आणि दोन महिने घरी असा त्याचा क्रम आहे. गोव्यात अशी तारवट्यांची घरे वाड्यावाड्यावर आहेत आणि अशा घरांत संशयाला फारसे निमित्त लागत नाही. चवथीला तो घरी आला होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी सुषमा माझ्याकडे समुपदेशनासाठी आली, ती औषधांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घालूनच.

ती पाकिटे मी टेबलावर तारखांप्रमाणे मांडून घेतली. पहिली दोन पाकिटे औषधांच्या दुकानातून थेट आणलेली, एकाच दिवशी सर्व गोळ्या घ्यायच्या प्रकारची होती आणि ती घेण्यापूर्वी तिला कोणी तपासले नव्हते. तिसरी मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅमची दहा गोळ्यांची पट्टी होती व तीत चार गोळ्या तशाच होत्या. सकाळ-संध्याकाळ एक याप्रमाणे सात दिवस, म्हणजे चौदा गोळ्या घ्यायच्या होत्या; पण तोंडाला धातूसारखी चव येऊन मळमळू लागली आणि तिसऱ्या दिवशी वासही गेला, म्हणून तिने त्या थांबवल्या. चौथी वस्तू क्लिंडामायसिनच्या दोन टक्के क्रीमची ट्यूब. ती मात्र तिने सांगितल्याप्रमाणे सात रात्री योनीमार्गात नीट वापरली होती आणि त्यानंतर दोन महिने काहीही त्रास झाला नव्हता.

चार उपचारांपैकी सात दिवस पूर्ण झालेला उपचार एकच, असे म्हणून तिथेच थांबता आले असते. पण तो पूर्ण केल्यावरही आजार परतला होता, त्यामुळे अर्धवट औषध हे एकच कारण मला पटेना. मी तिला आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले. खाज नव्हती आणि दह्यासारखा स्राव नव्हता, तेव्हा बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता कमी होती. स्राव पातळ, करडट पांढरा होता. आम्लता मोजण्याची पट्टी ४.५ च्या पुढे गेली. काचेवर घेतलेल्या स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच तोच वास उसळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी मढलेल्या पेशी दिसल्या. या चारपैकी तीन खुणा मिळाल्या तरी बॅक्टेरियल व्हजायनोसिसचे निदान करता येते. तिच्यात चारही होत्या. ट्रायकोमोनास हा परजीवी मात्र सापडला नाही. तो सापडला असता तर नवऱ्यावर उपचार करायचे की नाही हा प्रश्नच उरला नसता, कारण त्या आजारात जोडीदाराला औषध द्यावेच लागते.

त्या थेंबाची गोष्ट मी तिला जरा सविस्तर सांगितली, कारण तिच्या संशयाचे मूळ तिथेच होते. शिळ्या बांगड्याला जो हिंवस वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा, आणि या आजारातील जिवाणूही तेच द्रव्य तयार करतात. आम्ल मिळाले की ते बांधले जाते, म्हणून आपण मासळीला मीठ आणि लिंबू किंवा सोलाचे पाणी लावून ठेवतो. अल्कली मिळाला की ते मोकळे होऊन हवेत येते. वीर्य अल्कधर्मी असते, पाळीचे रक्तही योनीच्या नेहमीच्या स्थितीपेक्षा बरेच कमी आम्लधर्मी असते आणि अंघोळीचा साबणही अल्कधर्मीच. त्यामुळे संबंधानंतर त्याच रात्री वास येतो, याचा अर्थ त्याच रात्री नवऱ्याने आजार आणला असा होत नाही. आत आधीपासून असलेले द्रव्य तेव्हा नाकाला कळते, इतकेच. हे ऐकल्यावर सुषमाने हळूच सांगितले की वास आला की ती रोज दोनदा साबणाचे बोट आत घालून धुते. लिंबाचे उदाहरण मी दिले खरे, पण लगेच हेही बजावले की लिंबू, व्हिनेगर, साबण किंवा जंतुनाशक यांपैकी काहीही आत घालायचे नाही. बाहेरून साधे पाणी पुरेसे आहे. आतून धुण्याने उरलेसुरले चांगले जिवाणूही जातात.

ते चांगले जिवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस. ते लॅक्टिक आम्ल तयार करून योनीमार्ग आम्लधर्मी ठेवतात. ते कमी झाले की गार्डनरेला आणि तिच्याबरोबरचे इतर जिवाणू वाढतात व पेशींवर चिकट थर धरतात. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायरीवर बसलेले शेवाळ वरवर घासले तर हिरवेपणा जातो, पण भेगांतले मूळ राहते. या थराचेही तसेच आहे. मेट्रोनिडॅझोल आणि क्लिंडामायसिन ही दोन्ही औषधे वाईट जिवाणूंची संख्या झपाट्याने खाली आणतात, म्हणून तिसऱ्या दिवशीच वास जातो. मात्र थर पुरता निघेलच असे नाही, आणि लॅक्टोबॅसिलस परत रुजवण्याचे काम यांपैकी कोणतेच औषध करत नाही. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये आजार परततो, तो बराचसा यामुळे.

आता नवऱ्याचा प्रश्न. कित्येक वर्षे आम्ही समुपदेशक बायकांना सांगत आलो की जोडीदाराला औषध देण्याचा उपयोग नाही, आणि ते त्या वेळच्या अभ्यासांना धरूनच होते, कारण पुरुषांना नुसत्या पोटातून गोळ्या देऊन पाहिल्यावर स्त्रियांमधील पुनरावृत्ती कमी झाली नव्हती. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत पुरुषांना मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांबरोबर लिंगाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिनचे क्रीमही दिले होते, दोन्ही दिवसातून दोनदा, सात दिवस. बारा आठवड्यांत आजार परतण्याचे प्रमाण केवळ स्त्रीवर उपचार केलेल्या गटात ६३ टक्के होते, तर दोघांवर केलेल्या गटात ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली. तेव्हा “त्यांच्याकडून येते का?” याचे उत्तर, काही अंशी होय, असे आहे. हे जिवाणू पुरुषाच्या अग्रत्वचेखाली आणि मूत्रमार्गात काहीही त्रास न देता राहू शकतात, त्याला स्वतःला ते कळत नाही, आणि बायकोचा उपचार संपल्यावर ते तिच्याकडे परततात.

पण तिचा दुसरा प्रश्न यातून सुटत नाही, आणि तो सुटल्यासारखे मी दाखवलेही नाही. त्याच्याकडचे हे जिवाणू मागच्या सुट्टीत तिच्याकडूनच त्याच्याकडे गेलेले असू शकतात. वर्षानुवर्षे एकमेकांशीच संबंध असलेल्या जोडप्यांतही हा आजार फिरत राहतो. मी तिला पहिल्या वेळची तारीख आठवायला सांगितली. वास प्रथम आला तो तांबी बसवल्यानंतर, पाळीचे दिवस लांबू लागले तेव्हा. नवरा जहाजावर चढून त्या वेळी तीन महिने झाले होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मी तिला स्पष्ट सांगितले की या निदानावरून नवरा बाहेर गेला असे सिद्ध होत नाही आणि गेला नाही असेही सिद्ध होत नाही. त्याच्या चारित्र्याचा दाखला सूक्ष्मदर्शक देत नाही. एचआयव्ही आणि सिफिलिसच्या चाचण्या दोघांनी केल्या, त्या स्वतःच्या आरोग्यासाठी. दोघांच्याही निर्दोष आल्या.

नवरा पुढच्याच आठवड्यात तिच्याबरोबर आला. मला वाटले होते तो क्रीमवर अडेल, पण तो अडला बियरवर, कारण मित्राच्या घरी जेवण ठरलेले होते. मेट्रोनिडॅझोलबरोबर दारू घेतल्यास उलट्या होतात ही भीती नव्या मार्गदर्शनानुसार पूर्वी समजत होते तेवढी खरी नाही, तरी औषधाच्या पत्रकावर आजही गोळ्या चालू असताना आणि संपल्यानंतरचे दोन-तीन दिवस दारू टाळण्याची सूचना असते, आणि मी पत्रकाच्या बाजूने राहिले. डॉक्टरांनी दोघांना ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सात दिवस, जेवणानंतर घ्यायला सांगितल्या, त्यामुळे सुषमाची मळमळ बरीच कमी झाली. त्याने क्रीम अग्रत्वचा मागे ओढून टोकावर, त्वचेखाली आणि वरच्या भागावर सकाळ-रात्र लावायचे होते. सुरुवात एकाच दिवशी करायची आणि दोघांचे सात दिवस पूर्ण होईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत, हे मी दोनदा सांगितले, कारण गडबड बहुधा इथेच होते: बायको सोमवारी सुरू करते, नवरा गुरुवारी. हे क्रीम तेलकट असल्याने निरोध कमकुवत होतो. योनीमार्गात ते वापरल्यास शेवटच्या वापरानंतर पाच दिवस निरोधावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या बाबतीतही आम्ही तितकेच दिवस धरून चाललो.

तांबी लगेच काढू नये असे ठरले. तांबी असताना आजार परतण्याची शक्यता वाढते, पण दोन उपाय एकदम केले असते तर कोणता लागू पडला हे कळले नसते, शिवाय तिला गर्भनिरोधक हवेच होते. जिची जोडीदार स्त्री आहे अशा बाईलाही मी हेच सांगते की जोडीदारालाही तपासून घ्यावे, कारण अशा जोड्यांत आजार दोघींना असणे वारंवार दिसते. मात्र पुरुषांच्या चाचणीतले आकडे त्यांना लागू करता येत नाहीत.

बारा आठवडे काहीही झाले नाही. पाचव्या महिन्यात, नवरा जहाजावर असताना, लांबलेल्या पाळीनंतर वास पुन्हा आला. या वेळी तिने दुकान गाठले नाही, तपासणी करून घेतली आणि मेट्रोनिडॅझोलची जेल पाच रात्री वापरली. पुन्हा परतल्यास हीच जेल आठवड्यातून दोनदा काही महिने चालू ठेवायची आणि तांबीचा फेरविचार करायचा, असे डॉक्टरांनी तिला सांगून ठेवले आहे.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला, तो नवऱ्याचा निरोप सांगण्यासाठी. सुट्टीवर निघण्यापूर्वी त्याने जहाजावरच क्रीम लावायला सुरुवात करावी का, असे त्याने विचारले होते. मी नाही म्हटले. तिला लक्षणे नसतील तर त्याने काहीही घ्यायचे नाही. लक्षणे आली आणि तपासणीत तोच आजार निघाला, तर दोघांनी एकाच दिवशी सुरू करायचे.