व्हिडिओ तपासणीचा मेसेज: आधी फोनची ओळ लिहा

व्हिडिओ तपासणीसाठी पेशंटला पाठवायचा तुमचा मेसेज छान झालाय, पण लिंक चालली नाही तर कोण फोन करणार, ही ओळ सगळ्यात खाली गेलीये. लिंक अडकली की पेशंट तेवढं खाली वाचत नाही. ती वेळेच्या लगेच खाली घ्या. “लिंक चालली नाही तर फोन करा” एवढंच लिहिलंत, तर पेशंट आणि दवाखाना दोघं एकाच वेळी फोन लावतात आणि दोघांनाही एंगेज लागतो. कोण करणार, कधी, कुठल्या नंबरवरून, ते स्पष्ट लिहा.

कोथरूडच्या एखाद्या आजींना असं पाठवा:

“उद्या संध्या. ५:३० ला व्हिडिओ तपासणी. ५:३५ पर्यंत जोडलं गेलं नाही, तर दवाखान्यातूनच फोन येईल. हा नंबर सेव्ह करा: (नंबर). आज रात्री, ज्या फोनवर आणि ज्या खोलीत बसणार तिथूनच, लिंक उघडून पाहा. कॅमेरा, माइक विचारल्यावर Allow दाबा. स्वतःचा चेहरा दिसला की झालं.”

चेहरा दिसला नाही, तर कॅमेऱ्यासाठी Allow दाबलंय का ते पाहायला आणि लिंक Chrome मध्ये उघडायला सांगा.

डॉक्टरांना एक विचारून ठेवा: २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार काही औषधं पहिल्या वेळी व्हिडिओशिवाय लिहिता येत नाहीत. म्हणून व्हिडिओ जोडला गेला नाही आणि नव्या पेशंटला तशी औषधं लागणार असतील, तर फोनवर फक्त व्हिडिओची पुढची वेळ द्या.