प्रयोगशाळेच्या डेटाचं पत्र: जागा सांगणं आणि बॅकअप सांगणं यातला फरक

प्रश्न: "मी जूनपासून रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात मत्स्यजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेची प्रमुख झाले आहे. आठ विद्यार्थी आहेत, त्यातले दोन पीएचडीचे. संशोधनाचा डेटा कुठे ठेवायचा आणि बॅकअप कुठे आहे, हे सांगणारं पत्र सगळ्यांना द्यायचंय. 'सर्वांनी डेटा ड्राइव्हवर आणि पेन ड्राइव्हवर ठेवावा' एवढं लिहिलं तर पुरेल का?"

मॅडम, नाही पुरणार. त्या वाक्यात डेटाच्या दोन जागा आल्या, बॅकअप एकही आला नाही. मीही बरीच वर्षं असंच पत्र देत होतो. त्याचं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल.

आमची एक विद्यार्थिनी दर आठवड्याला मिरकरवाड्याच्या जेटीवरून चाळीस बांगडे आणायची. प्रत्येकाची लांबी आणि वजन मोजायचं, वहीत पेन्सिलने लिहायचं, संध्याकाळी एक्सेलमध्ये भरायचं. एकोणतीस आठवडे हे काम न चुकता चाललं, म्हणजे 1160 मासे. मग एके दिवशी तिने लांबी आणि वजनाच्या लॉगचा आलेख काढला. बांगड्याचं वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे ठिपके एका सरळ रेषेच्या आसपास बसायला हवेत. तिच्या आलेखात मुरमुरे सांडल्यासारखे ठिपके विखुरले होते. तक्ता उघडून पाहिला, तर वजनाचा रकाना वरून खाली चढत्या क्रमाने नीट लागलेला आणि लांबीचा रकाना जसाच्या तसा. कधीतरी कुणीतरी वजनाचा एकच रकाना निवडून सॉर्ट केला होता. अशा वेळी एक्सेल विचारतं, आणि घाईत `Continue with the current selection` वर बोट पडतं. फाइल सेव्ह झाली. कुठेही चूक झाल्याचा संदेश आला नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती.

हे घडून सात आठवडे झाले होते. फाइल तीन ठिकाणी होती: ऑनलाइन ड्राइव्हवर, तिच्या पेन ड्राइव्हवर आणि माझ्या मशीनवर. तिन्हीकडे तीच बिघडलेली फाइल, कारण तिन्हीकडे दर आठवड्याला नवी फाइल जुनीवर चढत होती. ड्राइव्हवर जुन्या आवृत्त्या असतील म्हणून पाहिलं. गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या एक्सेल फाइलच्या जुन्या आवृत्त्या आपण मुद्दाम जपून ठेवल्या नाहीत, तर 30 दिवस किंवा 100 आवृत्त्यांनंतर पुसल्या जाऊ शकतात. कचरापेटीतल्या फाइललाही 30 दिवसांचीच मुदत असते. आम्ही एकोणपन्नासाव्या दिवशी पोचलो होतो. शेवटी वहीने वाचवलं. दोघांनी चार दिवस बसून सगळे आकडे पुन्हा भरले, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टाइप करायचे. पाण्याने शाई पसरते, पेन्सिल राहते. शाईने लिहिलं असतं तर तेही गेलं असतं.

म्हणून पत्रात 'कुठे ठेवायचं' हे एका ओळीत संपवा आणि 'सहा आठवड्यांपूर्वीची फाइल हवी असेल तर कुणाकडे जायचं' याला जास्त जागा द्या. सिंक म्हणजे आरसा. मूळ फाइल बिघडली की आरशातलीही बिघडते. डिस्क मेली, लॅपटॉप चोरीला गेला, तर आरसा उपयोगी पडतो. माणसाच्या हातून झालेली चूक उशिरा कळली तर त्याचा काही उपयोग नाही, आणि प्रयोगशाळेत असल्या चुका डिस्क मरण्यापेक्षा कितीतरी जास्त होतात.

आमच्याकडे आता दर शुक्रवारी तारखेच्या नावाने नवं फोल्डर तयार होतं आणि आधीच्याला कुणी हात लावत नाही. विंडोजवर त्याला एवढंच लागतं, इथे E: म्हणजे बाहेरून जोडलेली डिस्क:

```
robocopy D:\LabData E:\2025-07-04 /E /R:2 /W:5 /LOG:E:\2025-07-04.txt
```

इंटरनेटवर याच कामासाठी `/MIR` वापरायला सांगणारे बरेच सापडतील. ते इथे वापरू नका. मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते `/MIR` बॅकअपमधूनही पुसतं. कुणी मूळ फोल्डर रिकामं केलं, तर शुक्रवारी तुमचा बॅकअपही इमानदारीने रिकामा होईल. कॉपी झाली की लॉग उघडून शेवटचा तक्ता बघायचा: `FAILED` च्या रकान्यात शून्यच हवं. कुणाच्या मशीनवर एक्सेल उघडं राहिलं असेल तर तिथे 1 दिसू शकतो, आणि बहुतेक वेळा नेमकी तीच फाइल सगळ्यात महत्त्वाची असते. हे झालं की डिस्क काढून कपाटात. कायम जोडलेली डिस्क ठेवू नका. फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर जोडलेलं सगळंच जातं.

डिस्क भरेल ही भीती बाळगू नका. आमचे सगळे तक्ते, नोंदी आणि विश्लेषणाचे कोड मिळून 3 जीबी होतात. वर्षाच्या 52 प्रती म्हणजे 156 जीबी. एक टीबीच्या डिस्कमध्ये सहा वर्षं निघतात, काही पुसावं लागत नाही. जागा खातात ते फोटो: ओटोलिथचे, जननग्रंथींच्या स्लाइडचे. ते मात्र एकदा काढले की बदलत नाहीत, म्हणून त्यांची दर आठवड्याला प्रत करण्यात अर्थ नाही. ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, एकदाच दोन डिस्कवर उतरवा. ही विभागणी पत्रात विद्यार्थ्यांना समजावून सांगा, नाहीतर तक्ते फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि शुक्रवारच्या प्रतीतून सुटतात. फोटो ऑनलाइन चढवायचे असतील तर आधी हिशेब करा. 300 जीबीला 10 एमबीपीएसच्या अपलोडने सलग 67 तास लागतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे सलग 67 तास वीज कुठली?

आता आपल्या किनाऱ्याचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही. विभागातलं मशीन आणि त्याच विभागातल्या कपाटातली डिस्क, या दोन प्रती पुराच्या हिशेबात एकच आहेत. आमची दुसरी डिस्क घाटावर कोल्हापूरला एका सहकाऱ्यांकडे असते. महिन्यातून एकदा कुणीतरी जाणारं असतंच, त्यांच्याबरोबर नवी पाठवायची आणि जुनी आणायची. पावसाळ्यातली फेरी मेच्या शेवटीच उरकतो, आंबा घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही. इथली डिस्क पहिल्या मजल्यावर, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. पुड्यांचा रंग बदलला की बदलायच्या. खाऱ्या दमट हवेत यूएसबीच्या टोकांवर हिरवट थर धरतो, आणि मग डिस्क मध्येच तुटल्यासारखी वागते. अशी डिस्क दिसली तर तिच्यावर नवं काही लिहू नका, आधी जे आहे ते बाहेर काढा.

एक गोष्ट नवीन प्रमुखांच्या लक्षात येत नाही: मालकी. विद्यार्थ्याने स्वतःच्या खात्यातून फोल्डर तुम्हाला शेअर केलं, तरी फाइलचा मालक तोच राहतो. तो पास होऊन गेला आणि खातं बंद झालं, की त्या फाइली तुमच्या हातून जातात. कॉलेजचं गूगल वर्कस्पेस असेल तर 'शेअर्ड ड्राइव्ह' मागून घ्या; तिथल्या फाइली व्यक्तीच्या नसतात, संस्थेच्या असतात.

पत्र लांबवू नका, एका पानात बसवा. आमच्या पत्राचा गाभा देतो, जागा आणि नावं तुमची घाला:

> आपल्या प्रयोगशाळेच्या डेटाची मूळ जागा एकच आहे: विभागातल्या मशीनवरचं LabData फोल्डर. लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह हे काम करण्यासाठी आहेत, ठेवण्यासाठी नाहीत. ज्या दिवशी मोजमाप, त्याच संध्याकाळी तक्ता LabData मध्ये आणि वहीच्या पानाचा फोटो त्याच्या शेजारी, दोन्हीला एकच तारीख.
>
> दर शुक्रवारी दुपारी चारला LabData ची प्रत निघते. तेव्हा फाइली बंद ठेवा. गुरुवारी केलेलं काम शुक्रवारी जपलं जातं. शनिवारी केलेलं पुढच्या शुक्रवारपर्यंत फक्त मूळ जागी असतं, हे ध्यानात ठेवून वागा.
>
> तुमच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरचं, फोनमधलं आणि ईमेलमधलं काहीही या प्रतीत येत नाही.
>
> जुनी फाइल हवी असेल तर माझ्याकडे किंवा प्रयोगशाळा सहायकांकडे या. फाइलचं नाव आणि ती शेवटची बरोबर होती ती अंदाजे तारीख सांगा. डिस्क स्वतः जोडू नका. चूक तुमच्या हातून झाली असली तरी त्याच दिवशी या, कुणी रागावणार नाही.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. त्या विद्यार्थिनीला आलेख काढण्याआधी दोन आठवडे शंका आली होती. मी ओरडेन म्हणून ती गप्प राहिली. तिसरा परिच्छेदही गाळू नका. काय जपलं जात नाही हे स्पष्ट लिहिलं नाही, तर प्रत्येक जण आपलं सगळं जपलं जातंय असंच धरून चालतो.

आणि पत्र देण्याआधी एकदा स्वतः फाइल परत आणून बघा. आम्ही हे मासेमारी बंदीत करतो, 1 जून ते 31 जुलै नमुने येत नाहीत आणि हात मोकळे असतात. एका विद्यार्थ्याला चिठ्ठीवर लिहून देतो: अमुक तक्ता, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला. त्याने डिस्कवरून तो शोधायचा, वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवायचा, उघडायचा आणि त्या दिवशीच्या वहीच्या पानाशी पाच ओळी ताडून बघायच्या. पहिल्या वर्षी आमची फाइल सापडली, पण उघडेना. पासवर्ड लावलेला होता आणि ज्याने लावला तो दीड वर्षापूर्वी नोकरीला लागून गेला होता. फोन केला, त्याला आठवत होता म्हणून निभावलं. तेव्हापासून पासवर्ड लिहिलेलं पाकीट माझ्या खणात असतं आणि पत्रात त्याचीही एक ओळ आहे.

तुमचं पत्र तयार झालं की इथे टाका, बघून सांगतो. विभागात मशीन कुठलं आहे आणि कॉलेजचं वर्कस्पेस आहे की नाही, तेवढं कळवा.