फोटो एकाचा, नाव दुसऱ्याचं

प्रश्न: आमच्या गावच्या ग्रुपवर एका ब्लँकेटवाल्याचा फोटो चोर म्हणून नावानिशी फिरून राहिला. नाव खरं आहे का, कसं समजावं? खोटं असलं तर त्या माणसाचं काय होते?

उत्तर:

तो माणूस अजून तुमच्या भागात फिरत असेल, तर हे वाचण्याआधी ११२ ला फोन करा आणि गावच्या पोलीस पाटलांना कळवा. बाकीचं सगळं तासाभरानं केलं तरी चालतं, हे एक चालत नाही.

आता नाव कसं चिकटतं ते बघा. अशा बहुतेक प्रकरणांत मुद्दाम खोटं बोलणारा माणूस सापडतच नाही. समजा, यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव आहे. कापसाची वेचणी सुरू आहे, माणसं वावरात, गावात म्हातारे आणि लेकरं. बाहेरचा एक माणूस मोटरसायकलवर ब्लँकेटचे गठ्ठे बांधून येतो. पानठेल्यावरचा एक पोरगा त्याचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो: ‘हा सकाळपासून गावात फिरून राहिला, कोणी वयखते का?’ हा साधा प्रश्न आहे, आणि विचारण्यात काही वावगं नाही.

खाली एकजण लिहितो, ‘मांगं पेपरात आलता तो राजू, त्याच्यासारखा दिसते.’ हा अंदाज झाला. ‘सारखा दिसते’ हे दोन शब्द अजून शाबूत आहेत. पण फॉरवर्ड होतो तो फोटो, खालचा संवाद मागंच राहतो. तिसरा माणूस तोच फोटो दुसऱ्या गावच्या ग्रुपवर टाकतो तेव्हा सोबत काहीतरी लिहावं लागतं म्हणून आठवणीतून लिहितो: ‘हा राजू, मोटरसायकल चोर, सावध राहा.’ प्रश्नचिन्ह गेलं, ‘सारखा’ गेला, उरलं फक्त नाव. चौथा ‘सावध राहा’च्या जागी ‘पोलीस स्टेशनची सूचना’ लिहितो, कारण त्याला वाटतं की एवढं नावानिशी आलं म्हणजे पोलिसांकडूनच आलं असेल. चौघांपैकी प्रत्येकानं थोडंसंच बदललं आहे. उद्या विचारलं तर चौघंही मनापासून म्हणतील, मी तर जसंच्या तसं पाठवलं.

व्हॉट्सॲपवर मेसेज पाच किंवा अधिक वेळा पुढं गेला की त्यावर दुहेरी बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण त्या बाणावर विसंबू नका. कोणी फोटो गॅलरीत सेव्ह करून नव्यानं टाकला किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवला, की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. बाण नाही म्हणजे मेसेज ताजा आणि जवळच्या माणसाचा, असा अर्थ होत नाही.

नाव लागलं की नेमकं काय बदलतं, हे नीट समजून घ्या, कारण सगळं नुकसान इथून सुरू होतं. बिननावाच्या माणसाबद्दल गाव शंका घेतं, आणि शंका विचारपूस करून फिटते. नाव असलं की विचारपूस उलटीच फिरते. फाट्यावर चार पोरं त्या ब्लँकेटवाल्याला ‘ए राजू’ म्हणून हाक मारतात. तो वळत नाही, कारण त्याचं नाव राजू नाही. पोरं म्हणतात, पाहा, नाव लपवते. तो दुसरं नाव सांगतो, तर म्हणतात, खोटं सांगते. आधार कार्ड दाखवतो, त्यावर वेगळंच नाव, म्हणजे आधार बोगस. गर्दी पाहून तो घाबरतो आणि किक मारतो, म्हणजे चोर पळाला. निर्दोष माणूस जे जे करील ते सगळं त्याच्याच विरुद्ध मोजलं जातं. त्यात तो परमुलखातला असेल, मराठी किंवा वऱ्हाडी बोलता येत नसेल, तर त्याच्या बाजूनं बोलणारा तिथं कोणीच नसतो.

हे कुठवर जातं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं होतं. म्हणून संशयावरून अडवलेल्या माणसाला ‘पोलीस येईस्तोवर ग्रामपंचायतीत बसवू’ हा उपाय गर्दी वाढत असताना धोक्याचा आहे. एकच दार, बाहेर जमाव, आत एकटा माणूस. त्यापेक्षा गर्दी जमण्याआधीच पोलीस पाटील किंवा दोन जाणती माणसं सोबत देऊन त्याला गावाबाहेर, पोलीस स्टेशनच्या दिशेनं काढा आणि ११२ ला रस्ता सांगून ठेवा.

मार बसला नाही तरी नुकसान होतंच. फेरीवाल्याचा धंदा गाव ओळखीचं होण्यावर चालतो. मागच्या हिवाळ्यातली उधारी तो या हिवाळ्यात वसूल करतो. एका फोटोनं वीस-पंचवीस गावांचा फेरा बंद पडतो आणि उधारीही बुडते. मुक्कामाला ओटा मिळत नाही. त्याच वेळी दुसऱ्या एका माणसाचंही नुकसान होतं: त्या नावाचा खरा माणूस. आपल्याकडं एकेका गावात एकाच आडनावाची तीस घरं असतात, त्यामुळं नाव-आडनाव जुळणारे दोघं-तिघं तालुक्यात सहज निघतात, आणि त्यातल्या एखाद्याच्या बायकोला गिरणीवर कोणी विचारतं, ‘तुमच्या मालकाचं नाव आलं म्हणे ग्रुपवर?’

तिसरं नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. खरोखर मोटरसायकल चोरीला गेली असेल आणि चोराला पाहणारा साक्षीदार असेल, तर पोलीस पुढं ओळख परेड घेतात. त्या साक्षीदारानं आधीच हा फोटो ‘चोर’ म्हणून दहा वेळा पाहिला असेल तर त्याला चोराचा चेहरा आठवतो की फोटोतला, हे त्यालाही सांगता येत नाही, आणि कोर्टात बचावाचा वकील हाच प्रश्न विचारतो. खऱ्या चोराला याच्याइतकी मोठी मदत दुसरी नाही.

आता नाव खरं की खोटं, हे तपासायचं कसं? ‘कोणी पाठवला’ हे विचारत बसू नका, ‘फोटो कोणी काढला’ ते विचारा. ज्यानं पाठवला त्याला ‘तुला कुठून आला’ विचारत मागं जा. साखळी फोटो काढणाऱ्यापर्यंत पोचली की त्याला एकच प्रश्न करा: नाव तुला कसं समजलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मी त नाव लिहिलंच नाही.’ साखळी मध्येच तुटली, तर ते नाव बिनबुडाचं समजा.

गूगल लेन्सवर फोटो टाकून पाहा, पण त्याची मर्यादा ओळखून. फोटो जुना, दुसऱ्या राज्यातला किंवा बातमीतून उचललेला असेल तर मूळ सापडतं. आज सकाळी पानठेल्यावर काढलेला फोटो इंटरनेटवर कुठंच नसतो, त्यामुळं काही सापडलं नाही याचा अर्थ मेसेज खरा असा होत नाही. ‘पोलिसांची सूचना’ असेल तर तिच्यावर पोलीस स्टेशनचं नाव, तारीख, जावक क्रमांक आणि सही आहे का बघा. असलं तरी मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका, ठाण्याचा तुमच्याकडं असलेला नंबर लावा. दोन मिनिटांत समजतं.

खोटं निघालं की लोक पहिल्यांदा मेसेज डिलीट करायला सांगतात. जरा थांबा. आधी स्क्रीनशॉट घ्या, ज्यात ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल. मग त्या चॅटचा एक्स्पोर्ट काढा. त्यात प्रत्येक मेसेज तारीख-वेळेसह मजकुराच्या फाइलमध्ये मिळतो. ज्या फोनवर मेसेज आला तो रिसेट करू नका, कारण कोर्टात नुसती छापील प्रत पुरत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र लागतं. हे झालं की मग ॲडमिननं तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करावा. ॲडमिन लोक बरेचदा घाबरून ग्रुपच बंद करतात, त्यानं पुरावाही जातो आणि खुलासा टाकायची जागाही जाते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही. त्याचं आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

खुलासा लिहिताना एक चूक हमखास होते. ‘हा राजू नाही’ असं लिहून तोच स्वच्छ फोटो पुन्हा टाकला जातो. महिनाभरानं लोकांना ‘नाही’ आठवत नाही, चेहरा आणि राजू एवढंच आठवतं. फोटो टाकायचाच तर चेहरा झाकून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘खोटं’ असं आडवं लिहा, म्हणजे चित्र एकटं पुढं गेलं तरी खुलासा सोबत जाईल. खोटं नाव पुन्हा लिहू नका. पहिल्याच ओळीत खरी गोष्ट सांगा: ‘फोटोतला माणूस ब्लँकेट विकणारा आहे, ठाण्यात चौकशी झाली, त्याच्यावर काही नाही.’ आणि दुसरी चूक त्याहून वाईट: निर्दोष आहे हे दाखवायला त्याचं आधार कार्ड किंवा ते हातात धरलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकणं. आता त्याचं खरं नाव, पत्ता आणि आधार क्रमांकही फिरायला लागतो.

खुलासा ज्या ज्या ग्रुपवर फोटो गेला तिथं तिथं जायला हवा, आणि तो ओळखीच्या माणसाच्या तोंडून यावा. अनेक घरांत फोन एकच असतो, त्यामुळं म्हाताऱ्यांपर्यंत तोंडी अफवा पोचलेली असते पण मेसेज पोचत नाही. तिथं कोतवालाची दवंडी किंवा देवळाचा भोंगाच कामाला येतो.

तक्रारीबद्दल थोडक्यात. बदनामी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, अदखलपात्र आहे. ठाण्यात त्याची एनसी होते आणि पुढं मॅजिस्ट्रेटकडं जावं लागतं. मारहाण किंवा धमकी झाली असेल तर ते अर्जात वेगळं, वेळ आणि जागेसह लिहा. ऑनलाइन तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. जमावाच्या हिंसेसाठी सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलै २०१८ च्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. गावात वातावरण तापलं असेल तर अर्जाची एक प्रत त्यांच्या नावानंही द्या.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घेऊन ती पोच त्या ब्लँकेटवाल्याच्या हातात द्या, आणि लॅमिनेट न करता पाकिटात ठेवायला सांगा, म्हणजे झेरॉक्स काढता येईल. तो फोटो कोणाच्या तरी गॅलरीत राहणारच आहे आणि पुढच्या थंडीत नव्या तारखेनं निघू शकतो. तेव्हा पुढच्या गावात शिरताना त्यानं आधी पोलीस पाटलाच्या घरी जाऊन ती पोच दाखवावी, आणि मग गठ्ठे सोडावेत.