भागीदाराने तारीख चुकवली, आता दोष न देता कामाची वाटणी लिहून कशी पाठवू?

प्रश्न: आम्ही दोघं मिळून कामं घेतो. या वेळी दोघांनी कबूल केलेली तारीख माझ्या भागीदाराकडून चुकली. भांडण नको आहे, पण कुणी काय करायचं हे एकदा लिहून पाठवायचं आहे. बोट दाखवल्यासारखं वाटू नये असं कसं लिहू?

उत्तर:

मागे काय घडलं ते लिहिताना वाक्यात समोरच्याला आणू नका. पुढे काय करायचं ते लिहिताना मात्र माणूस गाळू नका. रागात आपल्या हातून नेमकं याच्या उलट लिहिलं जातं.

मी आणि माझी भागीदार यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करतो. मजकूर मी लिहिते, आकृत्या ती काढते. एका पुस्तिकेत १४ आकृत्या होत्या आणि शुक्रवारी संध्याकाळी पूर्ण फाइल ग्राहकाकडे जायची होती. ११ आकृत्या आल्या, तीन राहिल्या, फाइल सोमवारी गेली. त्या रात्री मी लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "तू शुक्रवारपर्यंत आकृत्या देते म्हणाली होतीस, तरीही तीन आल्याच नाहीत. मला कळवलंसुद्धा नाहीस. यापुढे वेळ पाळली जाईल याची काळजी घेतली जावी."

सकाळी वाचलं तेव्हा दिसलं की मागच्या गोष्टीत 'तू' आहे आणि पुढच्या गोष्टीत कुणीच नाही. काळजी कुणी घ्यायची? वेळ कुठली? ती दुखावली गेली असती आणि पुढच्या कामाला त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. शिवाय 'तरीही', 'आल्याच', 'कळवलंसुद्धा' हे शब्द बघा. "तीन आकृत्या आल्या नाहीत" ही माहिती आहे, "आल्याच नाहीत" ही तक्रार. तुमचा मसुदा झाला की 'च', 'सुद्धा', 'तरीही', 'निदान' आणि 'पुन्हा' एवढे शब्द शोधून काढून टाका. बाकी काही न बदलता सूर बराच उतरतो.

मी पाठवलेलं पत्र हे:

"शुक्रवारी १४ पैकी ११ आकृत्या फाइलमध्ये लागल्या होत्या, ३ राहिल्या. त्या तीन आकृत्यांची यादी माझ्याकडून बुधवारी रात्री गेली होती. पूर्ण फाइल सोमवारी सकाळी गेली, ग्राहकाला मी तसं कळवलं आहे.

पुढची पुस्तिका सुरू करण्याआधी कामाची वाटणी मला जशी समजली आहे तशी लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

मजकूर मी लिहिते. कुठल्या आकृतीत काय दिसायला हवं याची यादी मी मंगळवारी दुपारपर्यंत तुला देते.

आकृत्या तू काढतेस आणि बाण व नावं लावून गुरुवारी संध्याकाळपर्यंत सामायिक फोल्डरमध्ये ठेवतेस. शुक्रवारऐवजी गुरुवार हे नवीन आहे, ते सुचवते.

शेवटची तपासणी कुणी करायची हे आपलं ठरलं नव्हतं. ती मी करावी असं सुचवते. हे नवीन आहे, तुला पटलं तर ठेवू.

उशीर होईल असं जिला दिसेल तिने बुधवारी रात्रीपर्यंत एक ओळ पाठवायची, असंही सुचवते. कारण लिहायची गरज नाही. किती राहणार आणि कधी होणार, एवढं पुरे.

परवापर्यंत वाचून एक ओळ पाठव."

यादीबद्दलचं वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हतं. "यादी मी मंगळवारी देते" असं लिहायला गेले आणि या वेळी ती कधी दिली होती हे जुन्या मेलमध्ये शोधलं, तेव्हा बुधवार निघाला. म्हणजे त्या तीन आकृत्यांसाठी तिच्या हातात जेमतेम दोन दिवस होते. म्हणून सांगते, वाटणी लिहिताना आधी आपल्या वाट्याच्या तारखा तपासा. आपल्याकडून काही राहिलं असेल तर ते तेवढंच, एका वाक्यात लिहा. तिथे 'माझ्याकडून' आलं तरी चालतं. त्याची लांबण लावून माफी मागू नका, नाहीतर समोरच्यालाही माफी मागणं भाग पडतं आणि वाटणी बाजूला राहते.

'आपण' या शब्दाला फार जपा. "आपण तपासून पाठवू" असं लिहिलं की तपासायचं काम दोघांचं होतं आणि शेवटी कुणाचंच राहत नाही. आमची तपासणी अशीच मधल्या मधे पडली होती. तीन आकृत्या नाहीत हे आम्हा दोघींनाही शुक्रवारी दुपारी कळलं. एका कामापुढे एकच नाव लिहा. दोघांनी मिळूनच करायचं असेल, तर सुरुवात कोण करणार तेवढं तरी लिहा. दुसरं म्हणजे रोज अरे-तुरे करत असाल तर पत्रात एकदम अहो-जाहोवर जाऊ नका. "आपणांस कळविण्यात येते की" अशा भाषेने समोरच्याला आधीच परकं केल्यासारखं वाटतं, मग पुढचे शब्द कितीही सौम्य असोत.

जुनं आणि नवं वेगळं ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "आपलं ठरल्याप्रमाणे" म्हणून जे कधी ठरलं नव्हतं ते घुसवलं, तर समोरच्याला लगेच कळतं आणि पत्रावरचा विश्वास उडतो. आधी ठरलेलं ते 'मला जसं समजलं आहे तसं', नवं ते 'सुचवते'. तारीख नीट आठवत नसेल तर जुना मेल उघडून बघा. तिथेही नसेल तर तीही नवीच धरा.

पत्र पाठवण्याआधी दोन मिनिटं फोन करा. वाईट वाटलं असेल तर ते तिथे बोला आणि "वाटणी लिहून पाठवते, बघ" एवढं सांगून ठेवा. न सांगता आलेलं पत्र, कितीही नीट लिहिलं तरी, नोटिशीसारखं वाटतं. पत्र फक्त भागीदारालाच पाठवा. ग्राहकाला किंवा तिसऱ्या कुणाला प्रत गेली की ती कागदावरची तक्रार झाली.

उत्तरावरून पत्र कसं वाचलं गेलं ते कळतं. उत्तरात नुसती कारणं आली, तर त्यात आरोप ऐकू आला असं समजा. तेव्हा पत्राचं समर्थन न करता पुन्हा फोन करा. एखादी ओळ दुरुस्त होऊन आली, तर काम झालं. माझ्या भागीदाराने लिहिलं, "नावं लावायलाच एक दिवस जातो, यादी सोमवारी मिळाली तर गुरुवार जमेल." मी मंगळवार खोडून सोमवार केला आणि तो मजकूर सामायिक फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवला. काहीच उत्तर आलं नाही, तर त्याला होकार समजू नका. दोन दिवसांनी विचारा.

वाटणी धूसर होती किंवा वेळेचा अंदाज चुकला, तिथे अशा पत्राचा उपयोग होतो. वाटणी स्पष्ट लिहिलेली असूनही तीच गोष्ट पुन्हा राहिली, तर तेच पत्र परत पाठवू नका. तेव्हा समोर बसून विचारायचं की हे काम तुझ्याकडे ठेवायचं का, आणि नसेल तर ते कोण घेणार. उशिरामुळे पैशांचं नुकसान झालं असेल तर त्याचा हिशोबही वेगळा करा. एकाच पत्रात वाटणी आणि वसुली आली की समोरचा फक्त वसुली वाचतो.