मॅडमना पाठवायचं टिपण: 'हा विषय आमच्या मुलांना का?' याचं उत्तर कसं लिहावं

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, १४ वर्षं झाली. कोल्हापुरातल्या एका पॉलिटेक्निकने मेकॅनिकलच्या मुलांसाठी गेस्ट लेक्चरला बोलावलंय. को-ऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, तुमची ओळख आणि हा विषय आमच्या मुलांना का योग्य आहे, असं टिपण पाठवा. मी लिहिलंय: 'विषय – आधुनिक कास्टिंग तंत्रज्ञान. यामुळे विद्यार्थ्यांना उद्योगजगताची ओळख होईल व ज्ञानात भर पडेल.' सोबत तीन पानी बायोडेटा जोडलाय. एवढं पुरेल का?

उत्तर:

नाही पुरणार. तुमचं वाक्य चुकीचं नाही, पण ते वेल्डिंगच्या लेक्चरलाही चालेल, सोलरच्याही आणि जीएसटीच्याही. 'आमच्याच मुलांना का' हे मॅडमनी विचारलंय, आणि त्या वाक्यात मुलं कुठेच नाहीत.

हे टिपण कुठे कुठे फिरतं ते आधी सांगतो. मॅडम ते विभागप्रमुखांना दाखवतात, मग प्राचार्यांची सही होते. त्यातल्या दोन ओळी नोटीस बोर्डावर लागतात. तुमची ओळख एखादी विद्यार्थिनी माइकवर वाचते. शेवटी ते लेक्चरच्या फाइलला लागतं, आणि कॉलेज एनबीए मूल्यांकनाच्या तयारीत असेल तर अभ्यासक्रमातली कोणती उणीव या लेक्चरने भरली, हे त्या फाइलवरून दाखवावं लागतं. 'ज्ञानात भर पडेल' या शब्दांवरून मॅडमना तिथे काहीच लिहिता येत नाही. 'प्रात्यक्षिकात झालेली वाळूची चाचणी आणि वर्गात झालेले कास्टिंगचे दोष यांचा संबंध जोडला' असं असेल तर त्यांचं काम झालं.

म्हणून लिहायला बसण्याआधी मॅडमना फोन करा. मी गोकुळ शिरगावला सॅण्ड प्लँट बघतो आणि दरवर्षी एक-दोन ठिकाणी बोलायला जातो. पहिल्या वेळी मी फोन केला नव्हता. विषय मोघम दिला, त्यामुळे कॉलेजने दोन शाखांची मुलं एकत्र बसवली. निम्म्यांनी मोल्डिंग बॉक्स कधी पाहिला नव्हता, निम्म्यांची त्यावरची परीक्षाही होऊन गेली होती. तासभर मी बोलत होतो आणि कुणाच्याच कामाचं काही निघत नव्हतं. त्या मुलांचा तो तास वाया गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी तीनच गोष्टी विचारतो. कोणत्या वर्षाची मुलं आणि किती? या विषयातलं वर्गात काय शिकवून झालंय? आणि प्रॅक्टिकलला त्यांनी स्वतःच्या हाताने काय केलंय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गेल्या खेपेला त्याचं उत्तर असं आलं: दुसऱ्या वर्षाची ६० मुलं, वाळूच्या चाचण्यांचं प्रॅक्टिकल झालंय, कास्टिंगचे दोष वर्गात झालेत, पण फौंड्रीची भेट काही जमली नाही.

माझा विषय याच उत्तरातून ठरला. प्रॅक्टिकलला मुलं वाळूत पाणी थोडं थोडं वाढवून परमिएबिलिटी मोजतात, म्हणजे वाळूतून हवा किती सहज जाते ते. सुमारे ५० मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा नमुना ठोकायचा, त्यातून २००० घनसेंटिमीटर हवा सोडायची, दाब आणि वेळ नोंदवायची. सूत्र जर्नलमध्ये असतंच:

```
P = 501.28 / (p × t)
```

यात `p` म्हणजे दाब, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, आणि `t` म्हणजे वेळ, मिनिटांत. दाब ५ आणि वेळ १ मिनिट असेल तर आकडा १०० येतो. तेवढीच हवा जायला सव्वा मिनिट लागलं तर तो ८० वर उतरतो. ओलावा वाढवत नेला की हा आकडा आधी चढतो आणि एका टप्प्यानंतर उतरायला लागतो. मुलं तो डोंगरासारखा आलेख काढतात, जर्नलवर सही होते आणि विषय तिथेच संपतो.

दुसऱ्या वहीत 'ब्लोहोल' शब्द असतो, त्याची व्याख्या असते, कारण म्हणून 'वाळूत जास्त ओलावा' लिहिलेलं असतं. पण हे कारण आणि तो आलेख एकच आहे, हे कुणी दाखवलेलं नसतं. चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड साच्यात ओतलं की वाळूतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. आलेखाच्या उतरत्या बाजूला दोन्ही संकटं एकदम येतात: वाफ जास्त आणि तिला बाहेर पडायला वाट कमी. मग ती लोखंडात शिरते. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, शॉट ब्लास्टिंगमधूनही पास होतं, आणि मशीनशॉपमध्ये पहिला कट घेतला की आतलं भोक उघडं पडतं. आपण रोज हे बघतो, म्हणून त्यात सांगण्यासारखं काही आहे असं आपल्याला वाटतच नाही. त्या मुलांसाठी मात्र दोन वह्या पहिल्यांदा जुळतात.

तेव्हा 'आधुनिक कास्टिंग तंत्रज्ञान' काढून टाका. मी विषय दिला होता, 'वाळूतला ओलावा आणि ब्लोहोल: एका शिफ्टच्या रिजेक्शनचा शोध'. तुम्ही क्वालिटीला आहात, तुमच्याकडे यापेक्षा चांगली उदाहरणं असतील. 'का' हा परिच्छेद मी असा पाठवला होता, जसाच्या तसा देतो:

> 'आपल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी वाळूचा ओलावा आणि परमिएबिलिटी या चाचण्या प्रयोगशाळेत केल्या आहेत, तसेच कास्टिंगचे दोष वर्गात अभ्यासले आहेत. या दोन्हींचा संबंध प्रत्यक्ष उत्पादनात कसा दिसतो, हे फौंड्री भेट न झाल्याने त्यांना पाहता आलेले नाही. व्याख्यानात एका शिफ्टच्या नोंदींवरून ब्लोहोलचे कारण शोधण्याचे काम विद्यार्थी स्वतः गटाने करतील. त्यासाठी जर्नलमध्ये झालेल्या गणितापलीकडे काही लागणार नाही. व्याख्यानानंतर विद्यार्थ्याला ब्लोहोल आणि श्रिंकेज यांतला फरक तुकडा पाहून सांगता येईल, आणि ओलाव्याच्या नोंदीवरून पुढची कोणती चाचणी करावी हे ठरवता येईल.'

इथे पहिलं वाक्य मुलांना काय येतं ते सांगतं, दुसरं काय राहिलंय ते, तिसरं तासाला काय होणार ते. शेवटच्या वाक्यात मी फक्त तासाभरात खरोखर होऊ शकणाऱ्या दोन गोष्टी घेतल्या. 'नोकरीच्या संधी वाढतील' असं लिहू नका, ते तुमच्या हातात नाही. ब्लोहोल आणि श्रिंकेजचा फरक मात्र दहा मिनिटांत येतो: ब्लोहोलच्या आतली भिंत गुळगुळीत, गोलसर, श्रिंकेजची खडबडीत, दाणेदार, आणि बहुतेक वेळा जाड भागात, जिथे लोखंड शेवटी गोठतं. दोन कापलेले तुकडे मुलांच्या हातात फिरवले की पुरे.

नोंदींबद्दल एक काळजी घ्या. ५० ग्रॅम वाळू वाळवून ४८.१ ग्रॅम राहिली तर ओलावा ३.८ टक्के, ४७.६ राहिली तर ४.८, एवढं गणित मुलं फळ्यावर करतात. पण ओलावा वाढला आणि त्याच शिफ्टला ब्लोहोल वाढले म्हणून कारण ओलावाच, असं नसतं. कोअरच्या रेझिनचा वायूही तसंच भोक पाडतो, गंजलेला चॅप्लेटही पाडतो, आणि व्हेंट बुजलं तरी तेच होतं. म्हणून मी मुलांना दिलेल्या तक्त्यात त्या दिवशी कोअरचा लॉट बदलल्याची नोंदही ठेवतो. भोकं कोअरलगत आहेत की मोल्डच्या बाजूला, हे विचारायला एखादं तरी मूल उठतं. टिपणात 'कारण शोधण्याचे काम विद्यार्थी करतील' असं लिहिलं असेल तर तो शोध खरा ठेवायला हवा, उत्तर आधीच उघडं नको.

आता तुमची ओळख. तीन पानी बायोडेटा फाइलला जाईल, तो वेगळा राहू द्या. टिपणात चार ओळी, तृतीयपुरुषी, कारण त्या माइकवर दुसरं कुणीतरी वाचणार आहे. त्यात या विषयाशी जोडलेलंच घ्या: '१४ वर्षे फौंड्रीत गुणवत्ता विभागात काम, रोजच्या रिजेक्शनचं विश्लेषण आणि वाळू-चाचणीच्या नोंदी ही त्यांची जबाबदारी'. डिप्लोमा कुठे केला तेही घाला, समोरच्या मुलांना ते जवळचं वाटतं. पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक टिपणात नको. मानधनाच्या फॉर्मसाठी लागलं तर ते कार्यालय वेगळं मागतं.

टिपणात 'नमुने सोबत आणेन' असं लिहिण्याआधी तुमच्या साहेबांची लेखी परवानगी घ्या. कास्टिंगवर पार्ट नंबर आणि कस्टमरची खूण उठावात असते. मी ग्राइंडरने ती घासूनच तुकडे नेतो. शिफ्टच्या तक्त्यातही पार्टचं नाव काढून 'पार्ट अ' करतो. एकाचा फोटो मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तरी अडचण नको.

शेवटी एका ओळीत काय लागेल ते लिहा: फळा, प्रोजेक्टर, ६० मुलांचे १२ गट, ७५ मिनिटं. टिपण एक पान ठेवा, लेक्चरच्या आठ-दहा दिवस आधी पाठवा. पीडीएफ तर जोडाच, पण मजकूर ईमेलमध्येही पेस्ट करा, म्हणजे मॅडमना नोटिशीसाठी परत टाइप करावा लागणार नाही.

आणि होकार आला की मॅडमकडून त्या प्रॅक्टिकलच्या एखाद्या जर्नलच्या पानाचा फोटो मागून घ्या. लेक्चरची सुरुवात मी त्याच पानावरच्या आकड्यांनी करतो. आपल्याच बॅचचा आलेख फळ्यावर बघून मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.