ग्रॅच्युइटीतून कापलेली रक्कम: लोकायुक्त, मॅट की हायकोर्ट?

प्रश्न : मी सोलापुरात जलसंपदा विभागात वरिष्ठ लिपिक होतो. ३१ मे २०२५ ला निवृत्त झालो. त्याआधी १४ मे रोजी पत्र आले की २०११ मध्ये आश्वासित प्रगती योजनेचा लाभ देताना माझी वेतननिश्चिती चुकली, म्हणून २,८६,४०० रुपये जादा गेले. ही सगळी रक्कम ग्रॅच्युइटीतून कापली आणि पेन्शनही कमी बसवली. मी १० जूनला वरिष्ठ कार्यालयात निवेदन दिले, उत्तर नाही. पोर्टलवरची तक्रार 'निकाली' दाखवतात. फेब्रुवारी २०२६ उजाडला. आता लोकायुक्तांकडे जाऊ, ग्राहक मंचात की कोर्टात? कोण पैसे परत द्यायला लावू शकेल?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे १४ मे २०२५ ही तारीख. ती आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा. राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या सेवेचे आणि पेन्शनचे वाद १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याखाली महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये चालतात आणि तिथे अर्जाची मुदत साधारण एक वर्षाची आहे. निवेदन दिले आणि सहा महिने उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते, असेही कायदा म्हणतो. त्या हिशेबाने तुमची मुदत १० डिसेंबर २०२६ पर्यंत जाते. पण त्यावर विसंबू नका. 'हे निवेदन नियमात सांगितलेले नव्हते, म्हणून मुदत मूळ आदेशापासूनच मोजा,' असा मुद्दा सरकारी वकील हमखास काढतात. आपण तो वादच ठेवायचा नाही. १४ मे २०२६ च्या आत अर्ज दाखल करा.

पोर्टलच्या तक्रारीने ही मुदत थांबत नाही. एकामागून एक निवेदने दिल्यानेही ती नव्याने सुरू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. स्मरणपत्रे पाठवत वर्ष घालवणारे निवृत्त कर्मचारी पाहिले की मला फार वाईट वाटते, कारण त्यांचा दावा बहुतेक वेळा खरा असतो. विलंब माफ करण्याचा अधिकार मॅटला आहे, पण तो मागायची वेळच का आणावी?

इतर दारांचे थोडक्यात सांगतो. लोकायुक्तांच्या १९७१ च्या कायद्यात सेवाशर्तींच्या बहुतेक तक्रारी वगळल्या होत्या, पण पेन्शन व ग्रॅच्युइटीचे दावे मुद्दाम आत ठेवले होते. म्हणून लोक तिकडे वळतात. मात्र लोकायुक्त चौकशी करून शिफारस करतात; वसुलीचा आदेश रद्द करणे त्यांच्या हातात नाही. शिवाय न्यायाधिकरणाचा मार्ग उपलब्ध असेल तर ते सहसा तक्रार घेत नाहीत. फाइल नुसती पडून असती, कोणी सहीच करत नसते, तर मी तुम्हाला तिकडे जा म्हटले असते. तुमच्याविरुद्ध लेखी आदेश झाला आहे. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल फक्त बँकेची चूक पाहतो. तुमची बँक कोषागाराने पाठवलेली रक्कमच जमा करते. आणि सरकारी सेवक सेवानिवृत्तीच्या लाभांसाठी 'ग्राहक' ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे ग्राहक आयोगात वेळ घालवू नका. दिवाणी न्यायालयाला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही.

आता मॅट काय करू शकते ते पाहू. तुमचा आधार म्हणजे 'पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह' हा डिसेंबर २०१४ चा निकाल. कर्मचाऱ्याने काही लपवले नसताना कार्यालयाच्या चुकीने जादा वेतन गेले असेल, तर काही परिस्थितींत वसुली करता येत नाही, असे त्यात ठरले. तृतीय किंवा चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी, निवृत्त झालेला किंवा वर्षभरात निवृत्त होणारा, आणि वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा वेतन, या तीन परिस्थिती त्यात आहेत. तुम्ही तिन्हींत बसता. वरिष्ठ लिपिक गट-क मध्ये येतो, आदेश निवृत्तीच्या सतरा दिवस आधीचा आहे आणि चूक २०११ ची. त्याआधी तुम्हाला नोटीसच दिली नसेल, तर तो मुद्दा वेगळा मांडा.

सरकारी बाजू दोन उत्तरे देईल. पहिले, पेन्शन नियम १९८२ मधला १३४-अ, ज्यात जादा रक्कम पेन्शनच्या लाभांतून वसूल करण्याची तरतूद आहे. दुसरे, हमीपत्र. वेतन सुधारताना 'जादा गेले तर परत करीन' असे तुम्ही लिहून दिले असेल, तर २०१६ चा जगदेव सिंह निकाल पुढे केला जाईल. तो एका न्यायिक अधिकाऱ्याचा होता, लिपिकाचा नाही, आणि हा फरक ठासून मांडावा लागतो. म्हणून आजच माहिती अधिकारात सेवापुस्तकाची प्रत, वेतन पडताळणी पथकाचा आक्षेप आणि हमीपत्र असल्यास त्याची प्रत मागा. हमीपत्र निघालेच, तर ते कोणत्या वेतन सुधारणेसाठी होते ते नीट वाचा. आश्वासित प्रगतीच्या लाभाशी त्याचा संबंध नसेल, तर तोही मुद्दा होतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. रफीक मसीहने वसुली थांबते, चुकीची वेतननिश्चिती बरोबर होत नाही. २०११ चा लाभ खरोखरच चुकीचा असेल, तर २,८६,४०० रुपये परत मिळूनही पेन्शन कमीच राहू शकते. तो लाभ बरोबर होता असे तुमचे म्हणणे असेल, तर योजनेच्या अटी आणि तुमच्या सेवेच्या तारखा दाखवून तो वेगळा मुद्दा म्हणून मांडा. दोन्ही मागण्या एकाच अर्जात, पण स्वतंत्र करा. मुदतीतही फरक आहे. कमी पेन्शनचे नुकसान दर महिन्याला होते, त्यामुळे तो दावा उशिरा केला तरी साधारण तीन वर्षांच्या थकबाकीपुरता टिकू शकतो. ग्रॅच्युइटीची कपात एकदाच झाली. तिथे ही सवलत मिळेलच असे नाही.

मागण्या नेमक्या लिहा : १४ मे चा आदेश रद्द करावा, कापलेली रक्कम ठरावीक मुदतीत परत द्यावी, आणि नियम १२९-अ नुसार व्याज द्यावे. प्रशासकीय दिरंगाईने ग्रॅच्युइटी तीन महिन्यांपलीकडे रखडली, तर भविष्य निर्वाह निधीच्या दराने व्याजाची तरतूद त्या नियमात आहे. तुमच्या प्रकरणात तो लागू होतो की नाही यावर वाद होईल, म्हणून 'न्यायाधिकरणाला योग्य वाटेल त्या दराने व्याज' असेही लिहून ठेवा. प्रतिवादींमध्ये शासन आणि तुमच्या कार्यालयप्रमुखांसोबत महालेखापाल, मुंबई यांनाही घ्या. पेन्शन सुधारायची झाली तर प्रस्ताव त्यांच्याकडेच जातो; त्यांचे नाव राहिले की आदेश हातात असूनही कागद दोन कार्यालयांत फिरत राहतो.

सोलापूर मॅटच्या मुंबई खंडपीठाखाली येते. तुम्ही स्वतः उभे राहू शकता, पण हमीपत्राचा प्रश्न आहे, म्हणून वकील घ्यावा असे माझे मत आहे. निकालाचे पालन झाले नाही, तर मॅटला अवमानाची कारवाई करता येते. तो अर्ज मात्र एक वर्षाच्या आत करावा लागतो. निकाल विरुद्ध गेला तर पुढे उच्च न्यायालयात रिट. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचखाली आहे. थेट तिथे जाण्याचा मोह टाळा. १९९७ च्या चंद्रकुमार निकालानंतर आधी मॅट, मग उच्च न्यायालय असाच क्रम आहे. तुमचे शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक असतील, तर त्यांना हा सल्ला लागू नाही. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, ते उच्च न्यायालयात जातात.

१० जूनच्या निवेदनाच्या प्रतीवर आवक शिक्का आहे ना, तेवढे आज पाहा. नसेल तर त्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीचा उतारा त्याच माहिती अधिकाराच्या अर्जात मागा.