कुंडीतली तुळस आणि संध्याकाळचा दिवा

प्रिय सखी,

तुळस आणलीस आणि त्याच संध्याकाळी दिवाही लावलास, वाचून फार बरं वाटलं. फोटोत मात्र निरांजन थेट कुंडीतल्या मातीवर दिसलं. ते आधी खाली घे, बाकीचं पत्र मग वाच.

माझी पहिली तुळस मी अशीच घालवली. एडिनबरातला पहिला हिवाळा होता. खिडकीकडची पानं हिरवीगार, आणि खोलीकडची खालची पानं मात्र आधी मलूल झाली, मग कडेने तपकिरी होऊन कुरकुरीत. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. रोज घालू लागले. पुढे सहज कुंडी फिरवली, तर आठवड्याभरात दुसऱ्या बाजूचीही पानं तशीच झाली. तेव्हा कळलं की ही खोलीच्या बाजूला ठेवलेल्या दिव्याची झळ आहे. पण तोवर जास्तीच्या पाण्याने मुळं कुजली होती.

आपल्याकडे वृंदावनाला कोनाडा असतो, आठवतं? दिवा त्यात, रोपाच्या खाली आणि विटांच्या आड. झळ पानांना लागत नाही आणि वारा ज्योतीला लागत नाही. कुंडीला कोनाडा नाही, म्हणून ते अंतर आपणच राखायचं. मी स्टीलच्या ताटलीत निरांजन ठेवते, कुंडीपासून हातभर लांब, वर फांदी नाही आणि जवळ पडदा नाही अशा जागी.

थंडीत तूप थिजतं. वात वरून जळते, खाली तूप घट्टच राहतं, मग ती कोरडी पडते आणि काजळी धरते. म्हणून मी रविवारी तूप पातळ करून फुलवाती त्यात बुडवते, ताटलीत ओळीने मांडून फ्रिजमध्ये घट्ट करते आणि डब्यात भरून ठेवते. संध्याकाळी एक पुरते. ती शांत होईपर्यंत मी तिथून हलत नाही. तेवढा वेळ शुभंकरोती म्हणायला आणि आईला फोन करायला मिळतो.

वेळेचा घोर लावून घेऊ नकोस. इथे डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा मी कामावर असते. जूनमध्ये रात्रीचे दहा वाजतात. मी बारा महिने सात वाजता लावते. आई म्हणाली, घरी पोचलीस की तीच तुझी दिवेलागण.

तुळशीला 10 अंशांखालची थंडी सोसत नाही, म्हणून रात्री शेंडा काचेला टेकू देऊ नकोस. पाणी बोटाने माती चाचपून, वरचा थर सुकला असेल तरच घाल. मंजिऱ्या आल्या की खुड, नाहीतर रोप लवकर जून होतं. मी यंदा एका फांदीवरच्या मुद्दाम ठेवल्यात. वाळल्या की तू इकडे येशील तेव्हा बी काढून देते.

तुझीच